मालक नसलेला डबा

प्रश्न : तुमचा रोजचा साधा दिवस कसा जातो? नुसतं वेळापत्रक नको, वाचताना हसू आलं पाहिजे.

उत्तर : माझी साताऱ्यात पिठाची गिरणी आहे. सकाळी सातला माझे केस काळे असतात, दुपारी बाराला पांढरे होतात आणि रात्री आंघोळीनंतर पुन्हा काळे. रोज म्हातारा होऊन रोज परत येणारा अख्ख्या पेठेत मी एकटाच. दुकानासमोर झोपणारं काळं कुत्रंही संध्याकाळपर्यंत करडं होतं, पण त्याला आंघोळ नसते.

परवाचा शुक्रवार सांगतो. साधाच होता.

शटर वर केलं तर समोर तोच डबा. सोमवारपासून बेवारस. कोणी ठेवला, कधी ठेवला, मला पत्ता नाही. आत ज्वारी होती आणि एक चिठ्ठी होती, तीही उंदरानं अर्धी खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यावर एवढंच : '...भाकरीसाठी, बारीक'. उंदरानं नेमकं नाव खाल्लं. मी सोमवारीच दळून ठेवली आणि मालक येईल म्हणून वाट बघत बसलो.

दिवसातलं पहिलं दळण उपवासाचं. दोन दिवसांवर एकादशी होती, त्यामुळे राजगिरा आणि भगर घेऊन वहिनी सातलाच हजर. आदल्या रात्री मी दगडांवरचं झाकण उघडून, ब्रश मारून, आतलं सगळं पीठ झाडून काढलेलं असतं. तरी रोजचा प्रश्न ठरलेला, "कालचा गहू राहिला नाही ना आत?" मी सांगतो, "वहिनी, आमची गिरणी सकाळी साडेसातपर्यंत कडक उपवास करते." साडेसातला गहू पडला की तिचा उपवास सुटतो, तो रात्रीपर्यंत.

पुढचा क्रमही ठरलेला. आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी, मग हरभऱ्याची डाळ आणि भाजणी सगळ्यांत शेवटी. कारण प्रत्येक दळणाचं थोडं पीठ दगडांभोवती राहतं आणि पुढच्याच्या डब्यात पहिल्या मुठीबरोबर जातं. ज्वारीत चिमूटभर गहू गेला तर कोणाला कळत नाही. पण धने-जिरे घातलेल्या भाजणीनंतर गहू घातला, तर त्या घरात पोळीला थालीपिठाचा वास येतो आणि माझ्या कानाला फोन येतो.

डब्यातल्या चिठ्ठ्या हा वेगळाच विषय. 'बारीक' आणि 'जाड' एवढं लिहिलं तर माझं काम सोपं. पण एका डब्यात चिठ्ठी होती : 'लाडवांसाठी. रवाळ. पण फार रवाळ नको. मागच्या वेळेसारखं नको, त्याच्या आधीच्या वेळेसारखं.' आता त्याच्या आधीच्या वेळी मी काय केलं होतं, हे दगडाला तरी कसं आठवणार? दोन दगडांमधली फट चाकानं कमीजास्त करायची असते. चाक जरा घट्ट केलं की पीठ बारीक, सैल केलं की जाड. मी पहिली मूठ पडली की चिमूट अंगठ्याखाली चोळून बघतो. कणी लागली तर रवाळ, नुसतं मऊ सरकलं तर बारीक, आणि चटका बसला तर फट फारच कमी झाली. असं जळकं पीठ मळताना चिकट होतं आणि पोळी फुगत नाही. मग बायका म्हणतात गहू वाईट होता, हे आमचं नशीब.

दहाच्या सुमारास काकू आल्या. हातात कालचा डबा, चेहऱ्यावर कोर्टाची तारीख.

"५ किलो गहू दिला होता. घरी मोजलं, ४ किलो ८९० ग्रॅम भरलं. ११० ग्रॅम कुठं गेलं?"

मी त्यांच्यासमोर तसाच दुसरा ५ किलो गहू तोलला आणि घातला. पीठ बाहेर आलं ते काट्यावर ४ किलो ९२०. मी म्हटलं, "काकू, ८० ग्रॅम इथंच गेलं. थोडं हवेत उडालं, ते हे बघा माझ्या मिशीवर. थोडं दगडांच्या आत राहिलं. आणि दळताना पीठ तापतं, गव्हातली ओल वाफ होऊन जाते. घरी नेऊन तुम्ही डबा उघडा ठेवलात, तेव्हा आणखी थोडी वाफ गेली. तुमचे वरचे ३० ग्रॅम बहुतेक तिथं गेले."

"आणि आत राहिलं ते?"

"ते पुढच्याच्या डब्यात जातं."

"म्हणजे माझं पीठ दुसऱ्याला?"

"आणि तुमच्या आधीच्याचं तुम्हाला. फिट्टंफाट."

काकू क्षणभर थांबल्या. मग हळूच विचारलं, "माझ्या आधी कोण होतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते रेशनचा गहू दळतात. मी लोकवन देते. हे फिट्टंफाट कसं?" चोवीस वर्षं गिरणी चालवतोय, याला उत्तर सापडलेलं नाही. शेवटी ठरलं की काकूंचा नंबर यापुढे नेहमी सरांच्या मागे लावायचा, कारण सर सिहोर गहू आणतात. म्हणजे ११० ग्रॅम गेलं तरी बदल्यात येतं ते वरच्या दर्जाचं. काकू जिंकून गेल्या. सरांना अजून काही माहीत नाही.

गिरणीत बसून एक विद्या मात्र मिळते : ओठ वाचण्याची. १० एचपीची मोटर आणि पट्टा चालू असला की बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे इथं सगळे ओरडून बोलतात आणि समजतात की आपण कुजबुजतोय. त्यातच घात होतो. शुक्रवारी साडेबाराला एक आजी शेजारणीला मोठमोठ्यानं सांगत होत्या. मोटर एकदम बंद पडली, वीज गेली, आणि त्या शांततेत आजींचं वाक्य खणखणीत उमटलं : "सूनबाईची भाकरी म्हणजे ढाल आहे ढाल!"

सूनबाई दारातच उभ्या होत्या. पीठ न्यायला आल्या होत्या.

कोणी काही बोलेना. मीच म्हटलं, "आजी, दोष भाकरीचा नाही, पिठाचा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी थापताना कडा चिरतात आणि तव्यावर कडक होते." हे खरंच आहे, पण तेवढ्या वेळेला खोटं असतं तरी मी बोललो असतो. सूनबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हणत होते ना, एकदम महिन्याचं दळून ठेवू नका." आजींनी माझ्याकडे असं बघितलं की आता त्यांचं दळण दुसऱ्या गिरणीत जाणार, अशी माझी खात्री झाली. तसं झालं नाही. दुसरी गिरणी चढावर आहे.

वीज गेली की गिऱ्हाईकं घरी जातात, पण माझं काम वाढतं. चालू दळण मध्येच थांबलं की दगडांमध्ये दाणे तसेच अडकून बसतात. वीज आल्यावर तसंच बटण दाबलं तर मोटर घुं घुं करते, पट्टा घसरतो आणि रबर जळल्याचा वास पेठभर पसरतो. म्हणून आधी वरून धान्य बंद करायचं, चाक सैल करून फट मोठी करायची, मोटर मोकळी फिरू द्यायची आणि मग हळूहळू घट्ट करत यायचं. हे मी शिकलो दोन पट्टे जाळून.

वीज तीनपर्यंत येत नाही असं कळलं, तेव्हा म्हटलं दगडांना टाकी लावून घेऊ. आठवडाभर लक्षण दिसतच होतं. पीठ नेहमीपेक्षा गरम येत होतं, पाच किलोला वेळ जास्त लागत होता आणि गव्हाचा कोंडा बारीक कुटल्यासारखा पडत होता. म्हणजे दगड गुळगुळीत झाले, दाणा कापायच्या ऐवजी रगडतायत. गिरणी उघडली, दगड बाहेर काढला, चष्मा लावला आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसलो. मधल्या भोकापासून कडेकडे जाणारे चर पुन्हा खोल करायचे, आणि चरांच्या मधल्या जागेवर बारीक टोचे मारायचे. दोन तास टक टक टक. शेजारच्या शिंप्यानं डोकावून विचारलं, "मूर्ती कोणाची करताय?"

टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ खायचं नसतं, त्यात दगडाची कच असते. मी त्यासाठी किडका गहू बाजूला ठेवतो, दोन-तीन किलो दळून टाकतो. ते पीठ शिंपी खळ करायला घेऊन जातो. एकदा त्याच्याकडून ते चुकून घरी गेलं. आठ दिवस तो आमच्याशी बोलला नाही, पण दात दुखत असल्यामुळे तो कोणाशीच बोलत नव्हता.

संध्याकाळी पाच ते आठ म्हणजे लढाई. सगळ्यांना आत्ता पाहिजे, सगळ्यांचा कुकर गॅसवर. या गर्दीत मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो : "झाकण लगेच लावू नका, घरी जाऊन डबा उघडा ठेवा." गरम पिठावर झाकण लावलं की वाफ आतच धरते, झाकणाला पाणी सुटतं, पिठात गाठी होतात आणि चार दिवसांत कुबट वास येतो. दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य म्हणतो. झोपेतही म्हणतो, असं घरी सांगतात.

शेवटी भाजणी दळली, झाकण उघडून झाडलोट केली, कुत्र्याच्या पाठीवरचंही झटकलं. तो बेवारस डबा अजून तिथंच. म्हटलं निदान बघू तरी. उघडला तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब आणि पिठात लिंबाएवढ्या गाठी. समोर मालक नव्हता, त्यामुळे सोमवारी माझं ते वाक्य कोणाला सांगायचंच राहिलं होतं, आणि मी स्वतःच गरमागरम पिठावर झाकण दाबून मोकळा झालो होतो. ज्याचं असेल त्याला काय सांगू, याचा विचार करत शटर ओढत होतो, तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"अहो, सोमवारी बंटीबरोबर ज्वारीचा डबा पाठवला होता, अजून दळला नाही का? चार दिवस पोळ्याच खातोय."

मी डबा उचलला. वाटेत गाठी फोडल्या, पण हातानं किती फुटणार? घरी तिनं डब्यात हात घातला, माझ्याकडे बघितलं, उकळतं पाणी घेतलं आणि चाळून, उकड काढून भाकऱ्या थापायला बसली.

"कुठल्या गिरणीतून आणलं हे पीठ?" तिनं विचारलं.

मी आंघोळीला गेलो.