किटाचा फोन आणि रिकामे हात

"ताई, मी खराडीला एका आयटी कंपनीत आहे, मुलगी साडेतीन वर्षांची. संध्याकाळी सहाला ऑफिसातून उठले तरी 'आज लवकर?' ठरलेलं. ती तापली की सासूबाई कर्वेनगरहून धावत येतात, त्या नसल्या की सुट्टी मागताना पोटात गोळा येतो. मला स्टुटगार्टची ऑफर आहे, नवरा तिथे येऊन नोकरी शोधेल. तिकडे हे टोचणं संपतं का? आणि मूल अचानक आजारी पडलं तर माणसं काय करतात?"

निघायच्या वेळेचं टोचणं बरंचसं संपतं, पण मुलाच्या आजारपणाचं संपत नाही. उलट पहिल्या हिवाळ्यात ते वाढतं. म्हणून मी दुसऱ्या प्रश्नावरच जास्त लिहिते.

जर्मनीत यायच्या आधी मी हिंजवडीत आठ वर्षं काढली. पाळणाघर सातला बंद व्हायचं आणि चांदणी चौकातलं ट्रॅफिक कुणाच्या हातात नव्हतं, म्हणून सव्वासहाला निघणं भागच होतं. शेवटची दोन वर्षं मी सहा वाजायच्या आधीच एकदा खाली जाऊन पर्स गाडीत ठेवून यायचे, म्हणजे निघताना हात रिकामे दिसावेत आणि पाहणाऱ्याला वाटावं, पँट्रीत चालली असेल. मला कुणी कधी काही बोललं नव्हतं. पण साडेसातच्या अमेरिकेच्या कॉलची आमंत्रणं हळूहळू यायची थांबली आणि पुढच्या अप्रेझलला 'उपलब्धता' हा शब्द आला. रात्री दहानंतर मी घरून केलेलं काम त्या शब्दात कुठेच नव्हतं. तुला जे टोचतं ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत, हे आधी सांगते.

इथे साडेचारला ऑफिसातून उठलं तर कुणी घड्याळाकडे बघत नाही, कारण तेही उठलेले असतात. मूल आणायचं असेल तर कॅलेंडरमध्ये तेवढा वेळ उघड अडवून ठेवतात, कारणही लिहितात. ते बघूनच माझी पर्स लपवायची सवय गेली, तरी तिला वर्ष लागलं.

आता आजारपण. इथल्या बालवाडीला, म्हणजे किटाला, आपल्या पाळणाघरातल्या काकू समजू नकोस. आमच्या काकू अंगात कणकण असलेल्या मुलाला मऊ भात भरवून मांडीवर झोपवायच्या आणि संध्याकाळी सांगायच्या, "बघा हो, जरा गरम लागतंय." किटामध्ये ताप दिसला की फोन येतो आणि तासाभरात मूल न्यावं लागतं. परत पाठवायचं ते औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच. उलट्या-जुलाब झाले असतील तर बहुतेक ठिकाणी ४८ तास. प्रवेशाच्या वेळी यावर सही घेतात.

पहिल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी माझ्या मुलाचं अंग सकाळी कोमट होतं. दहाला माझं मोठं सादरीकरण होतं. मी पुण्यात करायचे तेच केलं, पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं आणि सोडून आले. त्या औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. साडेसहाला पाजलेलं पावणेअकराला उतरलं आणि फोन आला, ताप ३८.९. मी पोचले तेव्हा तो दाराजवळच्या बाकावर बूट घालून, टोपी घालून बसला होता, शेजारी त्याच्या बाई. त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळपासून तो खेळायला उठलाच नाही." त्यानंतर मी सिरप पाजून कधी पाठवलं नाही. तूही पाठवू नकोस. लपत नाही, आणि किटाचा विश्वास एकदा गेला की साध्या सर्दीलाही फोन यायला लागतात.

त्या दिवशी पुढे काय केलं ते ओळीने सांगते, कारण क्रम असाच असतो. बाहेर पडायच्या आधी बॉसला आणि टीमला दोन ओळी लिहिल्या: मूल आजारी, आज आणि बहुधा उद्या नाही, अमुक काम इथवर आलंय, उरलेलं अमुक फोल्डरमध्ये आहे. इथे याला 'किंड-क्रांक' म्हणतात, म्हणजे मूल आजारी, आणि हे दोन शब्द पुरतात. मग बालरोगतज्ज्ञांकडे फोन केला. पहिल्याच दिवसापासूनचं प्रमाणपत्र लागतं, तुझ्या स्वतःच्या आजारपणासारखी दोन-तीन दिवसांची सवलत नसते. डिसेंबर २०२३ पासून ओळखीच्या मुलासाठी आणि साध्या आजारासाठी डॉक्टर ते फोनवरच पाच दिवसांपर्यंत देऊ शकतात. पण 'ओळखीचं मूल' ही अट आहे आणि पुष्कळ दवाखाने नवीन मुलं घेतच नाहीत. म्हणून पोचल्यावर घर लावायच्या आधी मुलीचं नाव डॉक्टरकडे घाल. मुलगी ठणठणीत असतानाच घाल.

ते प्रमाणपत्र आरोग्य विम्याच्या संस्थेकडे पाठवायचं, तिला इथे कासे म्हणतात. कंपनी त्या दिवसाचा पगार कापते आणि कासे बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के देते, वरच्या मर्यादेपर्यंत. २०२५ मध्ये ती मर्यादा दिवसाला १२८.६३ युरो होती. २०२४ पासून एका मुलामागे दर पालकाला वर्षाला असे १५ दिवस मिळतात, मूल १२ वर्षांचं होईपर्यंत. एकटा पालक असेल तर ३०. आमचे दोघांचे मिळून ३० होते आणि ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत १९ गेले. माझे ११, नवऱ्याचे ८. जानेवारीत मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे ते दोन वर्षांत विभागले गेले.

यात एक खड्डा आहे, तो ऑफर हातात असलेल्या माणसाने आधीच बघायला हवा. हे पैसे मिळायला तू आणि मुलगी दोघीही सरकारी विमा योजनेत असाव्या लागतात. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये ७३,८०० युरो वार्षिक) तर खासगी विमा घेता येतो, आणि पोचल्या पोचल्या एजंट तो स्वस्त म्हणून गळ्यात घालतात. तरुण, निरोगी, एकट्या माणसाला तो खरोखर स्वस्त पडतो. पण त्यात मुलांचा हप्ता वेगळा भरावा लागतो आणि मूल आजारी म्हणून घरी बसलीस तर हे पैसे नाहीत. रजा मिळते, पण बिनपगारी. सरकारी योजनेत मूल तुझ्याच हप्त्यात येतं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यात नवऱ्याने खासगी घेतला, पगारही त्याचाच जास्त. त्यामुळे मूल बायकोच्या सरकारी विम्यात फुकट बसेना, म्हणून त्यालाही खासगीतच घातलं आणि बायकोचे आजारपणाचे पैसे गेले. मग प्रत्येक तापाला ती वार्षिक रजा टाकत राहिली.

सही करायच्या आधी एचआरला आणखी एक गोष्ट विचार. बीजीबी या जर्मन नागरी कायद्याच्या कलम ६१६ प्रमाणे असे थोडे दिवस कंपनीने पूर्ण पगारावर द्यायचे असतात, पण करारात एक ओळ घालून ते वगळता येतं आणि पुष्कळ कंपन्या वगळतात. 'कलम ६१६ लागू आहे की वगळलंय' असं सरळ विचार. या प्रश्नाने ऑफर जात नाही.

आता सहकाऱ्यांचं. इथेही कुणी बोलत नाही, पण मोजमाप वेगळं आहे. आपल्याकडे खुर्चीत किती वेळ बसलीस ते मोजतात, इथे तू अर्धवट सोडलेलं काम कुणाच्या अंगावर पडलं ते लक्षात राहतं. त्या हिवाळ्यात माझं काम तीन वेळा एकाच सहकाऱ्याकडे गेलं. त्याला मुलं नाहीत. तो प्रत्येक वेळी "काळजी करू नकोस, बरं वाटू दे त्याला" असं लिहायचा आणि मी ते शब्दशः धरलं. फेब्रुवारीत कळायला लागलं. जेवायला जाताना तो मला हाक मारेना, आणि एका बैठकीत नवीन काम वाटताना बॉस म्हणाला, "तुला सध्या हलकंच ठेवू." म्हणायला दया होती, पण त्यात माझं काम गेलं. तुला 'हलकं' मिळायला लागलं की समज, मागे काहीतरी साचलंय.

मी त्याला कॉफीला नेलं आणि विचारलं. तो म्हणाला, मूल आजारी पडतं यात तुझी चूक नाही, पण तुझ्या फायली उघडून काय चाललंय ते समजायलाच माझे दोन तास जातात. ते खरं होतं. तेव्हापासून रोज निघताना पाच मिनिटं मी एकाच कागदावर लिहून ठेवते: काय झालं, काय अडकलंय, ग्राहकाला काय कबूल केलंय. आणि नाताळ ते नववर्ष, जेव्हा त्याला आईवडिलांकडे जायचं असतं, ती ऑन-कॉल पाळी मी मागून घेते. बॉसलाही स्पष्ट सांगितलं की मला हलकं नको, वेळेत बसणारं हवं. मेमध्ये मला परत पूर्ण काम मिळालं.

तुम्हा दोघांसाठी एक. हे दिवस प्रत्येकाच्या नावावर असतात, त्यामुळे नवऱ्याचे त्यानेच घ्यायचे. पहिला फोन किटा सहसा आईला करतं. फॉर्मवर त्याचा नंबर वर लिही. पुण्यात माझा नवरा मुलासाठी लवकर निघाला की लोक कौतुक करायचे आणि मी निघाले की गप्प बसायचे. इथे त्याने सलग तीन दिवस किंड-क्रांक घेतले तेव्हा कौतुक झालं नाही, भुवयाही उंचावल्या नाहीत. पण त्याची सुरुवातीची सहा महिन्यांची प्रोबेशन चालू होती आणि त्यात कारण न देता काढता येतं, त्यामुळे ते महिने मीच जास्त ओढले. नोकऱ्या शक्यतो एकाच महिन्यात सुरू करू नका. किटात रुळवण्याचे पहिले दोन-चार आठवडेही एका पालकाला तिथे बसावं लागतं.

मूल कुणाला न्यायची परवानगी आहे ती यादी किटाला लेखी द्यायची असते. यादीत नाव नसलेल्या माणसाकडे, तू फोनवर कितीही सांगितलंस तरी, मूल देत नाहीत. आमच्या यादीत खालच्या मजल्यावरच्या एक आजी आहेत आणि त्यांनी आजवर दोनदाच आणलंय, पण त्या दोन वेळी दुसरं कुणीच नव्हतं.

आणि सासूबाईंना बोलवायचंच असेल तर सगळे बोलावतात तसं मे-जूनमध्ये नको. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ते नोव्हेंबर ते जानेवारीत वापर. त्यांना थंडी सोसवेल का ते आधी विचार, आणि चांगला कोट पुण्यात शोधू नकोस, इथेच घे.