चार्जरच्या लेबलवरच्या खुणांवरून देश कसा ओळखायचा

प्रश्न: जुन्या लॅपटॉपबरोबर एक चार्जर मिळालाय. लेबलवर एकात एक दोन चौकोन, फुली मारलेली कचरापेटी, VI, सीई, यूएल, चौकटीत पीएसई आणि R- पुढे आठ आकडे, असं सगळं दाटीवाटीनं छापलंय. हा नक्की कुठल्या देशासाठी बनलाय? आणि खुणा खऱ्या की नुसती सजावट?

उत्तर: आधी ज्या खुणांचा मंजुरीशी संबंध नाही त्या बाजूला काढा. दोन चौकोन म्हणजे दुहेरी विद्युतरोधन, अर्थिंगची तार लागत नाही, एवढंच. मीही सुरुवातीला त्याला कुठल्यातरी संस्थेचा शिक्का समजत होतो. VI हा कार्यक्षमतेचा स्तर आहे. कचरापेटी ही विल्हेवाटीची सूचना आहे. ती युरोपच्या नियमातून आली, पण मंजुरीची खूण नव्हे.

उरल्या चार. त्यात युरोपची सीई सर्वांत कमी सांगते. साध्या चार्जरसाठी ही खूण उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, बाहेरच्या संस्थेनं तपासलंच पाहिजे असं बंधन नसतं. त्यामुळे तिच्याशेजारी क्रमांक नसणं हेच योग्य. उलट साध्या चार्जरवर सीईला चिकटून चार अंकी क्रमांक दिसला तर मला शंका येते, कारण तो तपासणी संस्थेचा असतो आणि इथे त्याला जागाच नाही. ‘चायना एक्स्पोर्ट’ नावाची सीईसारखीच दिसणारी वेगळी खूण असते ही निव्वळ दंतकथा आहे. अक्षरं फार जवळ आली असतील तर ती चुकीची काढलेली सीई, बस.

यूएल ही अमेरिकेतली सुरक्षा तपासणारी संस्था. तिच्या वर्तुळाच्या डावीकडे बारीक सी आणि उजवीकडे यूएस आहे का बघा. सी म्हणजे कॅनडा, यूएस म्हणजे अमेरिका. दोन्ही असतील तर दोन्ही देशांच्या मानकांनुसार तपासणी झालीय. पण वर्तुळाऐवजी उलटा आर आणि त्याला जोडलेला यू दिसला तर गोष्ट वेगळी. ती खूण दुसऱ्या यंत्रात बसवायच्या सुट्या भागाची असते. बाजारात विकायच्या तयार चार्जरवर फक्त तीच असेल तर लेबल बनवणाऱ्यानं ती आतल्या एखाद्या भागावरून उचलली असण्याची शक्यता मोठी.

पीएसई जपानची. ती दोन आकारांत येते, चौकटीत आणि गोलात. चार्जरसाठी चौकट हवी, आणि ती लावायला नोंदणीकृत संस्थेची तपासणी सक्तीची असते. म्हणून चौकटीजवळ त्या संस्थेचं आणि जपानमध्ये नोंद केलेल्या व्यवसायाचं नाव असायला हवं. चौकट आहे पण नाव एकही नाही, तर ती चिकटवलेली समजा. पॉवर बँकवर मात्र गोलातली पीएसई असते, तिथे ती बरोबरच आहे.

R- आणि आठ आकडे ही भारताच्या मानक ब्युरोची नोंदणी. शेजारी मानकाचा क्रमांक असतो. जुन्या चार्जरवर बहुधा IS 13252 (Part 1) दिसेल. हा नोंदणी क्रमांक कंपनीला सरसकट मिळत नाही. कारखाना, ब्रँड आणि उत्पादनाचा प्रकार यांना मिळून तो असतो. BIS Care ॲपमध्ये तो टाका. निघालेला ब्रँड आणि तुमच्या लेबलवरचा ब्रँड जुळला नाही तर क्रमांक दुसऱ्याचा आहे. एवढी सोपी पडताळणी सीईसाठी नाही.

म्हणजे लेबल खरं असेल तर हा चार्जर चार बाजारांसाठी एकच लेबल छापलेला आहे. मोठे उत्पादक असंच करतात. आता इनपुटची ओळ वाचा. तिथे 100-240V असायला हवं. जपानात 100 व्होल्ट, अमेरिकेत 120. ‘220-240V’ एवढंच लिहिलं असेल तर पीएसई आणि यूएल त्या लेबलवर शोभत नाहीत, कारण त्या बाजारांत तो चालणारच नाही.

एफसीसीची खूण तुमच्या यादीत नाही, त्याची काळजी नको. अमेरिकेचा तो नियम रेडिओ लहरींच्या व्यत्ययाचा आहे, विजेच्या सुरक्षेचा नाही, आणि साध्या चार्जरवर तो लोगो लावणं आता ऐच्छिक आहे. वायफाय-ब्लूटूथवाल्या उपकरणाला मात्र FCC ID लागतो. फोनच्या पाठीवर तो दिसला नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण पडद्यावर दाखवण्याचीही परवानगी आहे आणि तो सेटिंगमध्ये नियामक माहितीखाली सापडतो.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, प्रत्यक्षात तो कुठे विकला गेला. ते चार्जरच्या डब्यावरून कळणार नाही. भिंतीत लावायची वायर सुटी निघत असेल तर तिचा प्लग बघा, त्यावरच्या खुणा वेगळ्या असतात. डब्यावर चार देश असले तरी वायर साधारणपणे एकाच बाजाराची निघते. अर्थात मधल्या कुणी ती बदललेली नसली तर.