अचानक आलेला पाऊस आणि घरी राहिलेली छत्री: दुकानाच्या जिंगलची ओळ कशी बांधायची?

प्रश्न: छत्र्या आणि रेनकोटच्या दुकानासाठी दहा सेकंदांची जिंगल हवी आहे. "अचानक पाऊस आला, छत्री घरी विसरली" एवढंच सुचलंय, पण ते साधं वाक्य वाटतं, जिंगल वाटत नाही. यात शब्दांचा खेळ कसा आणू?

उत्तर:

तुमची ओळ टेबलावर बोटाने ठेका धरून म्हणून बघा. पहिला भाग अचा-नक-पा-ऊस-आ-ला असा सहा ठोक्यांचा होतो आणि दुसरा छत्-री-घरी-विसर-ली असा पाच ठोक्यांचा. दोन्ही भाग एकमेकांना जुळत नाहीत, शेवटी 'आला' आणि 'विसरली' यांचं यमकही नाही. म्हणून ते वाक्यासारखं वाटतं.

आणखी एक खोच व्याकरणाची आहे. 'विसरणे' हे क्रियापद भूतकाळातही विसरणाऱ्या माणसाच्या मागे जातं: तो छत्री विसरला, ती छत्री विसरली. त्यामुळे 'छत्री विसरली' म्हटलं की कोणी तरी बाई विसरली असं वाटतं, नाही तर छत्रीच काही तरी विसरली असं. 'राहिली' घेतलं तर क्रियापद छत्रीच्या मागे जातं आणि ऐकणारा पुरुष असो की बाई, ओळ त्याचीच होते. शिवाय 'राहिली'त कुणाला दोष नाही. वेंधळा म्हणून घेऊन कोणी दुकानात शिरत नाही.

आता खेळाकडे. इथे मराठीने एक शब्द आयता दिला आहे: उघडणे. छत्री उघडते म्हणजे पसरते आणि पाऊस उघडतो म्हणजे थांबतो. क्रियापद एकच, पण एका ठिकाणी सुरुवात, दुसऱ्या ठिकाणी शेवट. छत्री नसताना पाऊस येतो आणि छत्री काढली की थांबतो, ही सगळ्यांची तक्रार त्यात जशीच्या तशी बसते:

छत्री राहिली, पाऊस पडला,
छत्री उघडली, पाऊस उघडला!

ठोके मोजा. छत्-री-राहि-ली, चार. पा-ऊस-पड-ला, चार. छत्-री-उघड-ली, चार. पा-ऊस-उघड-ला, चार. 'उघड'मध्ये तीन लघु अक्षरं एका ठोक्यात बसवावी लागतात, त्यामुळे तिथे जीभ किंचित पळते. ते चांगलंच आहे, कारण गंमत त्याच शब्दात आहे आणि कान तिथे जागा होतो. 'पडला' आणि 'उघडला' यांचं यमकही नुसत्या 'ला'वर उभं नाही, त्यात 'ड' सुद्धा जुळतो. 'कोसळला' हा शब्द अचानक आलेल्या पावसाला जास्त शोभतो आणि ठोक्यांतही बसतो, पण त्याने 'ड' जातो. मी इथे चित्रापेक्षा यमक राखेन. 'रिमझिम' मात्र कुठेच नको. रिमझिम पावसात माणूस छत्रीवाचूनही चालत राहतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. चार चरणांचे सोळा ठोके आणि दुकानाच्या नावाचे चार, असे एकूण 20. मिनिटाला 120 ठोक्यांचा वेग धरला तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे 20 ठोक्यांना बरोबर 10 सेकंद लागतात. पण मग ते गच्च भरतं आणि आवाजांना जागा उरत नाही. वेग 132 केला तर तेच 20 ठोके साधारण 9.1 सेकंदांत होतात आणि सुरुवातीला जवळजवळ एक सेकंद मोकळा मिळतो. त्याहून पुढे जाऊ नका. खूण अशी: 'उघडला' ऐवजी 'उगडला' ऐकू यायला लागलं की वेग जास्त झाला. श्वासाची सोयही आधीच करा. प्रत्येक चरणाच्या शेवटचं 'ली' किंवा 'ला' अर्ध्या ठोक्यातच सोडा, उरलेल्या अर्ध्यात गाणाऱ्याला श्वास घेता येतो.

नाव चार ठोक्यांत बसायला हवं. 'अमुक छत्रीवाले' हे अमुक-छत्री-वा-ले असं बसतं. तुमचं नाव लांब असेल तर त्यातला बोलण्यातला भाग तेवढा घ्या, 'अँड सन्स'सारखी शेपटं पाटीवर राहू द्या. नाव ओळीच्या मध्ये मात्र घुसवू नका. लोक खेळ लक्षात ठेवतात आणि खेळ संपताच जे ऐकतात ते त्याला चिकटतं. मध्ये आलेलं नाव गुणगुणताना गळून पडतं.

आवाज कुठे घालायचे यावर अर्धी गंमत अवलंबून आहे. पावसाची नोंदवलेली सर म्हणजे एकसलग खरखर असते आणि स, श, च, छ हे वर्णही खरखरीचेच, म्हणून पाऊस मोठ्याने वाजत असेल तर नेमका 'छत्री' शब्द बुडतो. तेव्हा पहिला चरण कोरडा ठेवा. 'पडला'वर पाऊस एकदम सुरू करा आणि लगेच आवाज खाली आणा. 'पडला' आणि पुढची 'छत्री' यांच्यामधल्या अर्ध्या ठोक्यात बटणाची छत्री उघडल्याचा 'फट्' बसवा. मग चौथ्या चरणातल्या 'उघडला'वर पाऊस तोडा, हळूहळू विझवू नका, कात्रीने कापल्यासारखा थांबवा. हा थांबाच शब्दाचा दुसरा अर्थ सांगतो. ज्यांच्या बोलण्यात पाऊस 'थांबतो', 'उघडत' नाही, त्यांनाही मग समजावून सांगावं लागत नाही. ढगांचा गडगडाट वगळा. त्याचा आवाज खर्जातला असतो आणि मोबाइलच्या किंवा दुकानाबाहेरच्या लहान स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही. छत्रीच्या कापडावर पडणाऱ्या थेंबांची टपटप तिथे स्पष्ट येते.

एक धंद्याची गोष्ट. जो माणूस छत्री घरी विसरतो, त्याच्याकडे छत्री आहे. तुमची ओळ ऐकून तो हसेल आणि म्हणेल, उद्यापासून आठवणीने घेऊन निघू. छत्री हरवणारा गिऱ्हाईक वेगळा: पाऊस उघडला म्हणून ओली छत्री कोपऱ्यात टेकवून तो निघून गेलेला असतो आणि त्याला नवीनच घ्यावी लागते. विसरण्याचा विनोद पहिल्यासाठी चालवायचा असेल तर त्याला दुसरी छत्री घेण्याचं निमित्त द्या. 'एक घरी, एक दप्तरी' हे चार ठोक्यांत बसतं: एक-घरी-एक-दप्तरी. शेवटचा ठोका जरा दाटीचा आहे, पण म्हणता येतो. दहा सेकंदांत याला जागा नाही. वीस सेकंदांची जिंगल केलीत तर हिशेब असा जमतो: दोन ओळी दोनदा म्हणजे 32 ठोके, 'एक घरी, एक दप्तरी'चे चार, नावाचे चार, एकूण 40. दुसऱ्या फेरीत पहिला चरण 'रेनकोट राहिला' असा बदला (रेन-कोट-राहि-ला), म्हणजे दुकानात रेनकोटही मिळतो हे वेगळं सांगावं लागत नाही. तिसरा चरण मात्र छत्रीचाच ठेवा. रेनकोट 'घातला' जातो, उघडत नाही. तिथे 'रेनकोट घातला, पाऊस उघडला' केलंत तर ठोके बसतील, खेळ जाईल.

याच विषयावर आणखी दोन-तीन शब्द हाताशी आहेत, पण त्यांना जपून वापरा. 'सर' तर फारच श्रीमंत शब्द: पावसाची सर, एखाद्याची सर न येणं आणि साहेबाला मारलेली हाक. "सर आली, सर गेली, या छत्रीची सर कुणाला आली?" हे कानाला गोड लागतं, मात्र ही बढाई आहे, त्यात ऐकणाऱ्याची फजिती नाही. दोन माणसांच्या संवादात मात्र 'सर, सर आली!' एवढ्यावर काम होतं. 'विसर'मध्येही 'सर' लपलेली आहे. "विसरलात? सर आलीच!" ही ओळ पाटीवर झकास दिसेल, कारण तिथे 'सर' ही दोन अक्षरं वेगळ्या रंगात रंगवता येतात. ऐकताना तो श्लेष कुणालाच कळत नाही, कारण बोलताना आपण 'विसर्लात' म्हणतो आणि 'र' पुढच्या 'ला'ला जाऊन चिकटतो. गाणाऱ्याने 'वि' म्हणून मुद्दाम थांबायचं आणि मग 'सर' म्हणायचं, तरच जमतं.

'घडी' हा फसवा शब्द. "घडीभराचा पाऊस, तीन घडीची छत्री" लिहिताना कल्पना सुंदर वाटते, एकीकडे क्षण, दुसरीकडे दुमड. पण 'घडीभर' आधी ऐकलेल्या कानाला 'तीन घडीची छत्री' म्हणजे तीन क्षण टिकणारी छत्री असं ऐकू येतं. छत्रीच्या टिकाऊपणावर शंका येईल असा श्लेष दुकानदाराने करू नये. तसंच 'एक थेंबही लागणार नाही' असलं वचन यमकासाठी घालू नका. छत्रीखाली डोकं आणि खांदे वाचतात, वाऱ्याच्या पावसात गुडघ्याखाली सगळे भिजतात, आणि भिजलेला माणूस ती ओळ तुम्हालाच ऐकवायला परत येतो.

पक्की करण्याआधी ओळ एखाद्याला फोनवर एकदाच ऐकवा, कागदावर दाखवू नका. तासाभराने त्याला म्हणायला सांगा. त्याने 'राहिली'च्या जागी 'विसरली' म्हटलं तरी हरकत नाही, ठोके तेच राहतात. पण शेवटी तो 'पाऊस थांबला' म्हणाला तर श्लेष त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. तेव्हा शब्द बदलू नका, पाऊस तोडण्याची जागा तपासा. बहुतेक वेळा तो 'ला' संपल्यावर तुटत असतो. तो 'उघड'च्या 'उ'वरच तुटायला हवा.