नुकसानभरपाई की नांगे भरणे?

"यवतमाळ जिल्ह्यातल्या अंगणवाडीताईंसाठी पुस्तिका करतो आहे. 'कॉम्पेन्सेटरी एज्युकेशन'ला 'नुकसानभरपाईचे शिक्षण' म्हटले तर चालेल का? की 'उपचारात्मक शिक्षण' बरे?"

'नुकसानभरपाई' कृपया नको. आपल्याकडे हा शब्द ऐकला की गारपीट, पंचनामा आणि तलाठी डोळ्यांपुढे येतात. पीक गेले, हेक्टरी पैसे मिळाले, विषय संपला. शिवाय ते मूल म्हणजे हातचे गेलेले पीक, असा अर्थ आपसूक निघतो. 'उपचारात्मक' तर वेगळेच काम आहे: शाळेत गेल्यावर वाचनात किंवा गणितात अडखळलेल्या मुलाची नेमकी अडचण शोधून ती सोडवणे. तुमचा विषय मूल शाळेत जाण्याआधीचा आहे: गरिबीमुळे घरी जे मिळाले नाही ते लहानपणीच देणे.

मी 'भरपाईचे शिक्षण' लिहीन आणि ताईंना समजावताना 'नांगे भरणे' म्हणेन. कपाशीत जिथे बी उगवले नाही तिथे आठ-दहा दिवसांतच पुन्हा टोबतात, कारण उशिरा लावलेले रोप शेजारच्या मोठ्या झाडांच्या सावलीत दबते. वेळेचे हे महत्त्व 'भरपाई'त नाही.

पण भरले काय जाते? अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलँटी गावी 1962 ते 1967 या काळात पेरी प्रकल्प झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली 123 मुले होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि त्यांतल्या 58 मुलांना बालशाळा दिली. तीन-चार वर्षांची मुले रोज सकाळी अडीच तास यायची आणि बाई आठवड्यातून एकदा दीड तास घरी जाऊन आईबरोबर बसायच्या. पाचव्या वर्षी या मुलांचा बुद्ध्यांक दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट वर होता. दहाव्या वर्षापर्यंत तो फरक पुसला गेला. बुद्ध्यांकच मोजला असता तर प्रयोग फसला असेच म्हणावे लागले असते. चाळिशीत मात्र शालान्त शिक्षण पुरे केलेले या गटात शंभरात 77 निघाले, दुसऱ्यात 60. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले 36, दुसऱ्यात 55. म्हणजे टिकला तो बुद्ध्यांक नव्हे, टिकले ते पुढचे वागणे आणि शाळेत तग धरणे.

तरी मुले थोडी, गाव एक आणि शिक्षिका उत्तम प्रशिक्षित, हे पुस्तिकेत जरूर सांगा. मोठ्या सरकारी योजनांत परिणाम पुष्कळदा फिके पडले आहेत. आपल्या ताईंना जवळचा दाखला तामिळनाडूचा. तिथे काही अंगणवाड्यांत अर्ध्या वेळेची एक जादा ताई नेमली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची भाषा आणि गणित सुधारले, कुपोषणही घटले. आहार, नोंदवह्या आणि शिकवणे एकाच बाईच्या गळ्यात असले की पहिला बळी शिकवण्याचा जातो.

आणखी एक. झरी-जामणी, केळापूरकडचे कोलाम मूल कोलामी बोलत येते. मराठी येत नाही म्हणून त्याच्याजवळ भाषाच नाही, असे कुठल्याही वाक्यातून ध्वनित होऊ देऊ नका. तिथे नांगा नाही, तिथे दुसरे पीक उभे आहे. 'भाषेची उणीव भरून काढणे' असे लिहिले असेल तर ते 'घरच्या भाषेवरून मराठीकडे नेणे' असे करा.