ब्लू चांगला, वाक्य चुकीचं: आधी काय तपासाल?

प्रश्न: "फोटोवरून मराठी वाक्य लिहिणारं मॉडेल केलंय. एन्कोडर इन्सेप्शन, डीकोडर एलएसटीएम, फ्लिकर८के या फोटोसंचाची इंग्रजी वाक्यं मशीनने मराठीत करून घेतली. ब्लू-४ चांगला येतोय, पण नागपुरात काढलेल्या फोटोंवर वाक्यं भलतीच येतात. स्कोअरवर विश्वास ठेवू की डोळ्यांवर?"

डोळ्यांवर ठेवा. ब्लू म्हणजे मॉडेलच्या वाक्यातले शब्द आणि शब्दांचे गट माणसाच्या वाक्याशी किती जुळतात याचा आकडा; ब्लू-४ मध्ये गट चार शब्दांपर्यंतचे. पण त्याआधी तो स्कोअर नेमका कशाचा मोजला गेलाय ते बघा, कारण मराठीत पहिली गडबड तिथेच होते. वाक्याचे शब्द पाडायला पायथॉनमध्ये `\w+` वापरलं असेल तर हे करून बघा:

```python
import re
re.findall(r"\w+", "काठावर")   # ['क', 'ठ', 'वर']
"काठावर".split()               # ['काठावर']
```

`\w` मध्ये काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत, म्हणून शब्द तिथेच तुटतो. मग ब्लू शब्द न मोजता सुटी अक्षरं मोजतो, आणि 'क', 'त', 'वर' असले तुकडे कुठल्याही दोन वाक्यांत जुळतातच. आकडा फुगतो. विरामचिन्हं काढून सरळ `split()` करा आणि स्कोअर पुन्हा काढा.

ते दुरुस्त झालं तरी ब्लूचा मूळ स्वभाव बदलत नाही. नागपुरातल्या फुटाळा तलावावरचा एक फोटो घ्या. माणसाने लिहिलेलं वाक्य: "तलावाच्या काठावर एक माणूस कणसं विकतो आहे." समजा मॉडेल लिहितं, "तलावाच्या काठावर एक माणूस कणसं खातो आहे." सातपैकी सहा शब्द जुळले. दोन-दोन शब्दांच्या सहा जोड्यांपैकी चार, तीन-तीनच्या पाचपैकी तीन, चार-चारच्या चारपैकी दोन. चारही अपूर्णांकांचा गुणाकार करून चौथं मूळ काढलं की ब्लू-४ येतो सुमारे 0.64. आता दुसरं वाक्य: "एक विक्रेता तळ्याकाठी मक्याची कणसं विकतोय." फोटोचं वर्णन अचूक आहे, पण जुळले फक्त 'एक' आणि 'कणसं'. जोडी एकही नाही, म्हणून शून्य जुळणीलाही थोडे गुण देणारं स्मूदिंग न लावता ब्लू-४ शून्य. फोटोत जे चाललंय तेच चुकवणाऱ्या वाक्याला 0.64, खऱ्या वाक्याला शून्य.

मराठीत हे जास्त बोचतं, कारण प्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्दांचा क्रम सैल असतो आणि 'विकतो आहे' व 'विकतोय' हे मोजणाऱ्याला वेगळे वाटतात. एका फोटोला पाच संदर्भवाक्यं असली की थोडा आधार मिळतो. पण तुमची पाचही मशीनने इंग्रजीतून आणली आहेत, म्हणजे ती एकाच साच्यातली असणार. मॉडेल तोच साचा शिकलं की त्याला गुण मिळत जातात. सायडर हा दुसरा स्कोअर दुर्मिळ शब्दांना जास्त वजन देतो, त्यामुळे 'एक' आणि 'आहे'ची फुकट कमाई कमी होते, तोही मोजा. प्रत्ययांचा त्रास मात्र त्यालाही आहेच.

आता खरा प्रश्न: वाक्य लिहिणारा डीकोडर फोटो बघतोय का? एन्कोडर फोटोचे आकडे करतो; इन्सेप्शन-व्ही३ मधून प्रत्येक फोटोचे 2048 आकडे निघतात. तपासणीच्या संचात ते आकडे फोटोंमध्ये अदलाबदल करून द्या, संदर्भवाक्यं जागच्या जागी ठेवा आणि स्कोअर काढा. तो धाडकन पडला तर एन्कोडर कामाला येतोय. जेमतेम उतरला तर डीकोडर नुसत्या भाषेच्या सवयीवर बोलतोय: 'एक' नंतर 'माणूस', शेवटी 'आहे'. हजार फोटोंवर वेगवेगळी वाक्यं किती निघाली तेही मोजा. पन्नास-साठच असतील तर दोष तोच. सोबत शिकवणी आणि परीक्षा यांतली विभागणी तपासा. ती फोटोनुसार केली नसेल, वाक्यांनुसार केली असेल, तर त्याच फोटोची तीन वाक्यं शिकवणीत आणि दोन परीक्षेत जातात, आणि स्कोअर चांगला दिसतो पण नव्या फोटोवर फसतो. तुमच्या लक्षणांवरून मला हाच संशय आधी येतो.

एवढं झाल्यावर नागपुरातले शंभर फोटो घ्या आणि दोन माणसांना एकमेकांशी न बोलता तपासायला सांगा. प्रत्येक वाक्याला चार वेगळे प्रश्न: वस्तू बरोबर आहेत का, क्रिया बरोबर आहे का, फोटोत नसलेलं काही घुसलंय का, व्याकरण शुद्ध आहे का. सगळ्याचा मिळून एकच गुण देऊ नका. 'बाई उभा आहे' ही चूक डीकोडरची आहे. वाक्य नीट पण संत्र्यांच्या ढिगाऱ्याला 'चेंडू' म्हटलं, तर एन्कोडरला किंवा शिकवणीच्या फोटोंना संत्री माहीतच नाहीत. फ्लिकर८के मध्ये गवतावर पळणारे कुत्रे भरपूर आहेत, कळमन्याच्या बाजारातली संत्री नाहीत. तिथे डीकोडर कितीही सुधारला तरी उपयोग नाही. तिथे तसे फोटो आणून, माणसांकडून मराठीतच लिहून घेतलेली वाक्यं लावावी लागतात.