लॉगबुकातला चुकीचा आकडा कसा ओळखायचा?

प्रश्न: गाडीचं हस्तलिखित लॉगबुक एक्सेलमध्ये उतरवतोय. काही नोंदींचं अ‍ॅव्हरेज विचित्र येतंय. ओडोमीटर चुकीचा वाचला की लिटर?

शेजारची नोंद पाहा: ओडोमीटर चुकला असेल तर लागोपाठची दोन अंतरं बिघडतात, लिटर चुकले तर एकच अ‍ॅव्हरेज. कारण मधलं रीडिंग आधीच्या अंतराचा शेवट असतं आणि पुढच्याची सुरुवातही. समजा रीडिंग ४१,२३०, ४१,६९० आणि ४१,९८५ अशी उतरवलीत, शेवटच्या दोन्ही वेळी डिझेल २५ लिटर. अ‍ॅव्हरेज येतं १८.४ आणि लगेच ११.८. एक फुगलं, दुसरं पडलं, तर मधला आकडा संशयित. हाताने लिहिलेला १ आणि ९ सहज गल्लत करतात (घाईत लिहिलेलं असेल तर विचारूच नका). ४१,६१० धरलं की १५.२ आणि १५ येतं. तरी मूळ पानावर तो आकडा तसा वाचता येतो का ते बघूनच बदला, आणि आधी वाचलेला आकडा वेगळ्या रकान्यात राहू द्या.

मात्र हे दर वेळी टाकी फुल्ल केली असेल तरच चालतं. अर्धवट भरलं असेल तर पुढच्या फुल्ल टाकीपर्यंतचे सगळे लिटर एकत्र करून मगच भागाकार करा.