‘ना वग्झाल्ये’ म्हणजे स्टेशनच्या छपरावर का?

प्रश्न: रशियन शिकतोय. ‘व’ म्हणजे इन आणि ‘ना’ म्हणजे ऑन असं पाठ केलंय, मग स्टेशनवर असण्याला ‘ना वग्झाल्ये’ का म्हणतात? आणि ॲटला रशियनमध्ये काय म्हणायचं?

आधी ते ‘व म्हणजे इन, ना म्हणजे ऑन’ डोक्यातून काढून टाका. जो तो व्हिडिओ काढून हेच शिकवतोय आणि मग मुलं तेच घोकत बसतात. पुस्तक टेबलावर, पुस्तक बॅगेत, एवढ्यापुरतं ते चालतं, ते तुम्हाला येतच असेल, सोडून देऊ. पण जागा आणि प्रसंग आले की इंग्रजीचा काही उपयोग नाही, कारण इंग्रजीत तिसरा शब्द आहे ॲट, आणि रशियनमध्ये त्याला एक असा शब्दच नाही. ॲट स्कूल म्हणजे ‘व श्कोल्ये’, ॲट वर्क म्हणजे ‘ना राबोत्ये’, डॉक्टरकडे असाल तर ‘उ व्राचा’, आणि घरी असाल तर नुसतं ‘दोमा’, पुढे काहीच नाही. चार ठिकाणी चार तऱ्हा.

त्यापेक्षा मराठीतून विचार करा. आपण ‘स्टेशनवर आहे’, ‘कामावर गेलाय’ म्हणतो तेव्हा छपराचा विचार कोणाच्या मनात येतो? रशियनमध्येही तिथे ‘ना’च आहे. अर्थात मराठीही शेवटपर्यंत साथ देत नाही, आपण पोस्टात आणि बाजारात जातो, ते दोन्हीकडे ‘ना’च लावतात (‘ना पोच्त्ये’, ‘ना रिंक्ये’).

आता वग्झाल. हा शब्द लंडनच्या व्हॉक्सहॉलवरून आला. तेराव्या शतकात किंग जॉनच्या पदरी फॉक्स द ब्रोते नावाचा एक भाडोत्री सरदार होता, त्याचा वाडा तो फॉक्स हॉल, त्याचं झालं व्हॉक्सहॉल. पुढे तिथे थेम्सकाठी करमणुकीची बाग झाली, गाणं, खाणं, रात्री दिवे, आणि तिची कीर्ती इतकी पसरली की रशियात अठराव्या शतकातच अशा कुठल्याही करमणुकीच्या जागेला हे नाव पडलं. 1837 मध्ये पीटर्सबर्गहून त्सार्स्कोये सेलोपर्यंत रशियाची पहिली रेल्वे सुरू झाली आणि 1838 मध्ये ती पावलोव्स्कला पोचली. त्या टोकाला प्रवासी यावेत म्हणून संगीताचा हॉल बांधला होता, तोही वग्झालच. 1856 पासून धाकटा योहान श्ट्राउस तिथे वाजवायला येत असे. गाडी वग्झालला जाते, वग्झालला जाते असं म्हणता म्हणता ते नाव स्टेशनलाच चिकटलं.

लोक मात्र अजून ती कथा सांगतात, की रशियन मंडळी लंडनला रेल्वे बघायला गेली, व्हॉक्सहॉल स्टेशनची पाटी वाचली आणि स्टेशनला असंच म्हणतात असं समजली. साफ खोटं! लंडनचं ते स्टेशन उघडलं 1848 मध्ये, पावलोव्स्कची गाडी त्याआधी दहा वर्षं धावत होती. शिकलेले लोकही ही थाप पुढे ढकलतात याचा मला खरंच राग येतो.

आणि इथेच मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. पावलोव्स्कच्या त्या हॉलमधल्या मैफलींबद्दल रशियन पुस्तकांत ‘व’ लावलेला सापडतो, कारण तिथे ती भिंतींची इमारत आहे. तोच शब्द स्टेशन झाला की ‘ना’. माझं मत असं, की ‘ना’ जागेच्या आकाराला लागत नाही, तिथे जे चालतं त्याला लागतो, म्हणून तर थिएटरात असाल तर ‘व तिआत्र्ये’ पण तिथल्याच कॉन्सर्टला असाल तर ‘ना कन्त्सेर्त्ये’, इंग्रजीत दोन्हीकडे ॲट चालून जातं. व्याकरणाची पुस्तकं सांगतात उघडी जागा ‘ना’, बंदिस्त जागा ‘व’. मग स्वयंपाकघर काय उघडं असतं? ते ‘ना कूख्न्ये’, आणि शेजारची खोली ‘व कोम्नात्ये’! शाळा माझ्याही मताला जुमानत नाही, ती पाठच करावी लागते, पण उघड्या-बंदिस्तपेक्षा हे पुष्कळ पुढे नेतं.

विमानतळाचं बघा. तोही प्रवासाचाच, पण तिथे ‘व आएरापर्तू’. कारण तो शब्द बंदरावरून, पोर्तवरून, बनलाय, बंदराला ‘व पर्तू’, आणि शेवटच्या ‘ऊ’सकट सगळा थाट विमानतळाकडे आला.

म्हणून शब्द एकटा लिहून घेऊ नका, परतीसकट लिहा. ‘ना’ने गेलात तर ‘स’ने परत येता, ‘व’ने गेलात तर ‘इझ’ने. ‘ना वग्झाल’, ‘स वग्झाला’. ‘व आएरापोर्त’, ‘इझ आएरापोर्ता’. जाताना ‘ना’ आणि येताना ‘इझ’ असं तोंडातून निघालं तर समजा की दोन्हीपैकी एक चुकलंय, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.